वर्तुळाच्या मधोमध गर्दी का होते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी 2015-16 साली झाली. बाळांचं वजन, लसीकरण, घरातलं इंधन अशी कितीतरी माहिती त्यात घरोघरी जाऊन गोळा केली गेली. अभ्यासकांना ती देताना गाव किंवा वस्ती ओळखू येऊ नये म्हणून नकाशावरचा बिंदू मुद्दाम हलवतात. शहरातला बिंदू जास्तीत जास्त 2 किलोमीटर आणि ग्रामीण भागातला 5 किलोमीटर सरकवायचा, असा नियम आहे. ग्रामीण बिंदूंपैकी एक टक्का 10 किलोमीटरपर्यंतही नेतात. पद्धत साधी आहे: एक दिशा रँडम निवडायची, 0 ते 5 मधलं एक अंतर रँडम निवडायचं आणि त्या दिशेला तेवढं जायचं.

हे वाचून बहुतेकांची समजूत होते, की हलवलेला बिंदू 5 किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही, सारख्याच शक्यतेने पडत असणार. तसं होत नाही. असे बिंदू मूळ जागेभोवती दाटीने पडतात, आणि ही दाटी थोडीथोडकी नसते.

1000 बिंदू घेऊन हिशेब मांडू. वर्तुळात दर किलोमीटरवर एक वर्तुळ काढलं, की आत एक छोटं वर्तुळ आणि त्याभोवती चार कडी, असे पाच पट्टे होतात. अंतर 0 ते 5 मधून सरळ निवडलं, तर प्रत्येक पट्ट्यात साधारण 200 बिंदू येतील, कारण प्रत्येक पट्टा एकेका किलोमीटरचाच आहे. पण पट्ट्यांची क्षेत्रफळं सारखी नाहीत. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे सगळ्या वर्तुळाचे 25 भाग मानले, तर आतून बाहेर जाताना पट्ट्यांच्या वाट्याला 1, 3, 5, 7 आणि 9 भाग येतात. म्हणजे बिंदू समान विखुरलेले हवे असतील, तर ते अनुक्रमे 40, 120, 200, 280 आणि 360 असे पडायला हवेत. मधल्या छोट्या वर्तुळात 40 च्या जागी 200 आले, म्हणजे पाचपट गर्दी झाली. सर्वांत बाहेरच्या कड्यात मात्र 360 ऐवजी 200 च.

छत्रीच्या काड्या मध्याशी एकमेकींना खेटलेल्या असतात आणि कडेला दूरदूर जातात. प्रत्येक काडीवर सारख्या अंतरावर मणी लावले, तर मध्याशी मण्यांचा गुच्छ होईल. दिशा आणि अंतर सरळ निवडलं, की नेमकं हेच घडतं.

यावरचा उपाय त्याच हिशेबातून निघतो. संगणक आपल्याला 0 आणि 1 यांच्या मधली एक रँडम संख्या देतो, तिला u म्हणू. ही संख्या अंतराचा वाटा म्हणून न वापरता क्षेत्रफळाचा वाटा म्हणून वापरायची. u जर 0.04 असेल, तर ज्या वर्तुळात एकूण क्षेत्रफळाचा 0.04 भाग मावतो, त्या वर्तुळाच्या रेघेवर बिंदू ठेवायचा. पूर्ण त्रिज्या R आणि आपल्याला हवं ते अंतर r असेल, तर तो वाटा असतो (r/R)². तो u च्या बरोबरीचा धरला, की r = R√u. वर्गमूळ आलं ते इथून: क्षेत्रफळ काढताना त्रिज्येचा वर्ग झाला होता, आता क्षेत्रफळाकडून त्रिज्येकडे परतायचं आहे. 0.04 चं वर्गमूळ 0.2, त्याला 5 ने गुणलं की 1 किलोमीटर. म्हणजे आतल्या वर्तुळात हजारातले साधारण 40 बिंदूच राहतील, हवे तेवढे.

पायथनमध्ये हे असं लिहितात:

```python
import math, random
kon = 2 * math.pi * random.random()
r = 5 * math.sqrt(random.random())
x = r * math.cos(kon)
y = r * math.sin(kon)
```

इथे random.random() दोनदा मागवलेलं आहे, हे महत्त्वाचं. कोनाला आणि अंतराला एकच रँडम संख्या वापरली, तर सगळे बिंदू एका गोगलगाईच्या वळणावर ओळीने बसतात. ती चूक चित्र काढताच दिसते. वर्गमूळ विसरल्याची चूक मात्र लपून राहते, कारण बिंदू सगळ्या दिशांना सारखेच पसरलेले असतात आणि x, y यांची सरासरी दोन्ही वेळी शून्याजवळच येते. तिथे केंद्रापासूनच्या अंतराची सरासरी काढावी. समान विखुरलेल्या बिंदूंची सरासरी त्रिज्येच्या दोन तृतीयांश, म्हणजे 5 किलोमीटरच्या वर्तुळात 3.33 च्या आसपास येते. 2.5 आली, तर वर्गमूळ राहून गेलं आहे.

सर्वेक्षणवाल्यांनी सरळ अंतर वापरलं, ही चूक नव्हे. त्यांना ठिकाण लपवायचं होतं, वर्तुळ समान भरायचं नव्हतं. पण त्या आकड्यांवर काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. गावापासून दवाखाना किती लांब आहे हे मोजताना खरं गाव दिलेल्या बिंदूभोवती कुठे असेल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो समान विखुरणीवर बांधला तर सुरुवातीलाच फसतो.

आता त्रिकोण. शेताच्या एका त्रिकोणी तुकड्यातून मातीचे नमुने घ्यायच्या जागा ठरवायच्या आहेत असं समजा. तीन रँडम संख्या घ्यायच्या, त्यांच्या बेरजेने त्यांना भागायचं आणि तिन्ही कोपऱ्यांना तेवढं वजन द्यायचं, ही युक्ती पटकन सुचते. तीही फसवी आहे. बाजूंचे मध्यबिंदू जोडून त्रिकोणाचे चार सारखे त्रिकोण केले, तर 1000 पैकी प्रत्येकात 250 बिंदू यायला हवेत. या युक्तीने मधल्या त्रिकोणात साधारण 500 येतात आणि कोपऱ्यातल्या तिन्हींत प्रत्येकी जेमतेम 167. कोपऱ्यांतली माती तपासायची राहूनच जाते.

बरोबर रीत अशी. एका कोपऱ्यातून निघणाऱ्या दोन बाजू घेऊन समांतरभुज चौकोन पूर्ण करायचा आणि u, v या दोन रँडम संख्यांनी त्यात बिंदू टाकायचा. u + v ही बेरीज 1 च्या वर गेली, तर बिंदू आपल्या त्रिकोणाबाहेर, चौकोनाच्या दुसऱ्या अर्ध्यात पडलेला असतो. अशा वेळी u च्या जागी 1 − u आणि v च्या जागी 1 − v घ्यायचं. असं केल्याने तो अर्धा भाग 180 अंशांत फिरून आपल्या त्रिकोणावर नेमका बसतो. फिरवताना काही ताणलं वा दाबलं जात नाही, म्हणून बिंदूंची दाटी जशीच्या तशी राहते. समजा काटकोनातल्या बाजू 60 आणि 40 मीटरच्या आहेत, u = 0.7 आणि v = 0.6 आले. बेरीज 1.3, म्हणून 0.3 आणि 0.4 घ्यायचे. काटकोनाच्या कोपऱ्यापासून एका बाजूने 18 मीटर आणि दुसऱ्या बाजूला समांतर 16 मीटर गेलं, की नमुन्याची जागा आली.

हीच रीत वर्तुळालाही लागू पडते. केंद्रापासून परिघापर्यंतची अगदी अरुंद फोड म्हणजे जवळजवळ त्रिकोणच, आणि केंद्र हा तिचा कोपरा. त्या कोपऱ्यापासूनचं अंतर u + v इतकं धरायचं, आणि बेरीज 1 च्या वर गेली तर 2 मधून ती वजा करायची. या आकड्याला R ने गुणलं, की वर्गमूळ न काढताही अंतर बरोबर मिळतं. त्याहून सोपं म्हणजे दोन रँडम संख्यांपैकी मोठी तेवढी ठेवायची. मोठी संख्या 0.2 पेक्षा लहान असण्यासाठी दोन्ही संख्या 0.2 पेक्षा लहान असाव्या लागतात. त्याची शक्यता 0.2 × 0.2, म्हणजे 0.04, आणि आतल्या वर्तुळाच्या वाट्याचं क्षेत्रफळही नेमकं तेवढंच.