मेणबत्तीची किंमत कशी ठरवायची?

गेल्या दिवाळीत आमच्या गटानं मेणबत्त्यांची एक खेप केली. 25 टक्के नफा धरून किंमत ठरवली, सगळा माल विकला गेला, आणि पैसे मोजले तर नफा निघाला जेमतेम 10 टक्के. कुणी पैसे खाल्ले नव्हते, हिशेबच चुकला होता. आज तोच हिशेब तुमच्यासमोर मांडते. वही-पेन घेऊन बसा. भाव आमच्या बाजारातले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

पॅराफिन मेण 5 किलो, 750 रुपयांचं. मेणबत्ती कडक व्हावी म्हणून अर्धा किलो स्टिअरिक ॲसिड, 80 रुपये. वातीचा दोरा 40, रंग 30, गॅस 40, आणि दहा-दहा मेणबत्त्यांचे 10 डबे, 60 रुपये. झाले 1000.

आमचा साचा 50 ग्रॅमचा. साडेपाच किलो माल म्हणजे 110 मेणबत्त्या, असं आम्ही कागदावरच ठरवून टाकलं. हजाराला 110 नं भागलं, 9 रुपये 9 पैसे आले. त्यावर 25 टक्के चढवले, 11 रुपये 36 पैसे. सुट्ट्याची कटकट नको म्हणून 11 लावले.

पण 110 मेणबत्त्या झाल्याच नाहीत. मेण थंड होताना आकसतं, वातीभोवती खळगा पडतो आणि तो भरायला वरून पुन्हा मेण ओतावं लागतं. थोडं पातेल्याला चिकटून राहतं. हाती आल्या 104. त्यातल्या दोन साच्यातून काढताना तडकल्या, दोघींची वात एका बाजूला सरकली. विकण्याजोग्या उरल्या 100. अकराच्या भावानं आले 1100, खर्च 1000, नफा 100. म्हणून भागायचं ते विकण्याजोग्या नगांनी, आणि तेही साच्यातून काढून, मोजून झाल्यावर. बिघडलेल्या चार मेणबत्त्यांचं मेण पुढच्या खेपेत वितळवता येतं. त्याचे पैसे या खेपेत धरलेत, तेव्हा पुढच्या खेपेत पुन्हा धरू नका.

तर सामानाचा खर्च एका मेणबत्तीला 10 रुपये. पण दोघी जणी अर्धा दिवस साच्यापाशी बसल्या त्याचं काय? आम्ही ते नफ्यातच धरत होतो. शेतावर गेलो असतो तर अर्ध्या दिवसाचे 200 तरी मिळाले असते. दोघींचे 400 खर्चात घातले. आता खर्च 1400, एका मेणबत्तीला 14. त्याचे 25 टक्के साडेतीन. किंमत आली साडेसतरा रुपये.

ही किंमत घरून विकताना बरोबर आहे. दुकानात माल ठेवला की गोष्ट बदलते, आणि इथं बऱ्याच जणी फसतात. आमचा दुकानदार 20 टक्के घेतो. मग साडेसतरावर 20 टक्के चढवले की झालं, 21 रुपये, असं वाटतं. पण शाळेत आपण शेकडा नफा शिकलो तो खर्चावर काढायचा. दुकानदार आपले 20 टक्के काढतो ते गिऱ्हाइकानं दिलेल्या किमतीवर. 21 चे 20 टक्के म्हणजे 4 रुपये 20 पैसे. आपल्या हाती 16 रुपये 80 पैसे. शंभर मेणबत्त्यांना नफा 350 च्या जागी 280.

म्हणून उलटीकडून या. गिऱ्हाइकानं 100 दिले तर आपल्याला 80 मिळतात. साडेसतरा मिळायला हवेत तर साडेसतराला 80 नं भागा आणि 100 नं गुणा. 21 रुपये 87 पैसे येतात, म्हणजे 22. पडताळून बघा: 10 चा डबा 220 ला, दुकानदाराचे 44, आपले 176. दहा डब्यांचे 1760. खर्च 1400 वजा केला की 360. किंमत गोल करायची तर अशी वरच्या बाजूला करा. आम्ही 36 पैसे खाली सोडले, ते शंभर मेणबत्त्यांचे 36 रुपये झाले.

आता प्रश्न असा की आमच्या तालुक्याच्या बाजारात अशा मेणबत्तीला लोक 18 च्या वर देत नाहीत. दुकानात 18 ला ठेवली तर हाती 14 रुपये 40 पैसे, म्हणजे शंभर मेणबत्त्यांमागे नफा 40 रुपये. त्यापेक्षा न ठेवलेली बरी. आठवडे बाजारात स्वतः बसलो तर 1800 मिळतात आणि 400 सुटतात. पण बसणारीची मजुरी 200 आणि एसटीचे 40 वजा केले की उरतात 160. एका फेरीत दोन खेपांचा माल नेला आणि सगळा खपला तर तो खर्च दोन्हीकडे वाटला जातो, खेपेमागे 280 उरतात. 1520 च्या खर्चावर ते 18 टक्क्यांच्या आसपास होतात. आम्ही या वर्षी 18 टक्केच धरून चाललोय, आणि दोन खेपा तयार झाल्याशिवाय बाजाराला जात नाही.