काकांना पुस्तक द्यायचंय, पण कुठलं?

आमच्या शिवडीच्या ऑफिसात सेंड-ऑफचा मेन्यू ठरलेला आहे. समोसे, वेफर्स, केक, शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. ज्या माणसाला उद्यापासून घड्याळाकडे बघायची गरजच नाही, त्याला आपण घड्याळ का देतो, असं मी एकदा बोलून गेले आणि फसले. ‘मग तूच ठरव,’ म्हणत सगळ्यांनी डिस्पॅचच्या काकांचं गिफ्ट माझ्या गळ्यात मारलं. चौदा जणांचे दीडशेप्रमाणे २१०० रुपये जमले. शाल आणि केक वजा जाता हातात हजारेक उरणार होते. मी ऐटीत जाहीर केलं, ‘पुस्तक देऊ या!’

क्षणभर शांतता. मग कुणीतरी विचारलं, ‘पण काका वाचतात का?’

कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर त्यांच्यापासून चार टेबलांवर बसते. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात एका टेंडरच्या पाकिटावर मी चुकीचा पत्ता घातला होता. काका कुरिअरवाल्याच्या मागे थेट शिवडी स्टेशनपर्यंत पळाले, पाकीट परत आणलं आणि त्याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. अशा माणसाला ‘हाताला लागलं ते’ पुस्तक देणं मला जमणार नव्हतं.

थोडी हेरगिरी

‘काका, तुम्हाला कुठलं पुस्तक आवडतं?’ असं सरळ विचारून उपयोग नसतो. एक तर सरप्राइज फुटतं. दुसरं म्हणजे, स्वतःला वाचक न समजणारी माणसं ‘काहीही चालतं’ म्हणतात किंवा शाळेत नाव ऐकलेलं एखादं पुस्तक सांगतात. म्हणून मी आधी नुसतं बघायला लागले.

टेबलावर मराठी पेपर असायचा, शब्दकोड्याच्या पानावर घडी घातलेला. कोडं पेनाने सोडवलेलं. म्हणजे मराठी पक्कं आणि चिकाटीही आहे. पेपर धरायचे मात्र हात लांब करून. म्हणजे बारीक टाइप बाद. तिसरा पुरावा सगळ्यांनाच ठाऊक होता. लंच अवरमध्ये काका बऱ्याचदा जेट्टीकडे चालत जायचे.

‘फ्लेमिंगो!’ अख्खं ऑफिस ओरडलं. शिवडीची जेट्टी म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? पक्ष्यांचं एक जाडजूड, चकचकीत पुस्तक मी जवळजवळ ऑर्डर केलंच होतं. नशीब, आधी चहाच्या टपरीवर विचारलं, ‘काका, यंदा फ्लेमिंगो कधी येणार?’

‘ते होय? लांबून गुलाबी पट्टा दिसतो खरा,’ काका म्हणाले. ‘मी वाऱ्याला जातो गं. वडील पहिली पाळी सुटली की मला तिकडे न्यायचे.’

सवय आमच्या डोळ्यांसमोर होती, कारण मात्र आम्हीच मनाने लावलं होतं. ‘पाळी’ हा शब्द ऐकला आणि धागा हाती लागला. मग मी पुस्तकांबद्दल नाही, दिवसांबद्दल विचारत गेले. वडील गिरणीत होते. गाळ्यात गावाकडची माणसं राहायची, जेवायची खानावळीत. शनिवारी भजन. बोलता बोलता एक दिवस काका म्हणाले, ‘१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरचं सगळंच बदललं. मी सतराचा होतो. कॉलेज सुटलं, शिपाई म्हणून लागलो.’ एवढंच. आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.

आधी काय नको ते

आता यादी करणं सोपं झालं. ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘छावा’ ही नावं ऑफिसातून लगेच आली. पुस्तकं मोठी, पण मराठी घरात ती आधीच असण्याची शक्यताही तेवढीच मोठी. निवृत्तीनंतरचं नियोजन, गुडघेदुखी, अध्यात्म हे सगळं मी पहिल्या फटक्यात बाद केलं. अशी पुस्तकं घेणाऱ्याला एकच निरोप देतात, की आता तुम्ही म्हातारे झालात. शेवटी माझं स्वतःचं लाडकं ‘बनगरवाडी’ उरलं. पुस्तक छोटं आणि सुंदर. पण धनगरांच्या वाडीची ती गोष्ट काकांपेक्षा मलाच जास्त हवी होती. तेही खाली ठेवलं.

उरलं एक. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’. इंग्रजीत हे २००४ साली आलं, नंतर मराठीत. शंभर वर्षांचा इतिहास शंभरेक माणसांच्या तोंडून. गिरणी कामगार, युनियनवाले, शाहीर, कलावंत असे सगळे आपापल्या शब्दांत बोलतात.

‘त्यांना रडवायचंय का तुला?’ अकाउंट्समधली मैत्रीण म्हणाली. प्रश्न बरोबर होता. जिव्हाळ्याचं पुस्तक आणि जखमेवर बोट ठेवणारं पुस्तक, यात फार थोडं अंतर असतं. मी दोन गोष्टी तपासल्या. पहिली, संपाचा विषय कुणी काढला होता? काकांनीच, मी न विचारता. त्यांनी तो टाळला असता तर मीही हे पुस्तक सोडलं असतं. दुसरी, पुस्तकात नुसता संपच आहे का? दादरच्या दुकानात उभ्या उभ्या मी मधली पानं वाचली. संप आहेच, पण त्याआधीचं जगणंही आहे. आणि माणसं वेगवेगळी बोलत असल्याने नको ते प्रकरण सोडून पुढे जाता येतं. कादंबरीत ही सोय नसते.

दुकानात

पुस्तक हात लांब करून धरून पाहिलं. माझ्या चष्म्याला नव्हे, काकांच्या नजरेला टाइप दिसायला हवा. मग पानं क्रमाने चाळली. पुस्तकं सहसा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापून बांधली जातात. कधी एखादा फर्मा दोनदा येतो, कधी गळतो, कधी उलटा शिवला जातो. एखादं पान सुटं तपासून हे कळत नाही, आकडे सलग बघावे लागतात. ‘आधीच घरी असेल तर बदलून मिळेल का?’ हेही विचारलं. मिळेल, पण कोरी प्रत हवी. म्हणून पुस्तकावर एक अक्षरही लिहायचं नाही, असं ठरलं.

लिहिलं ते वेगळ्या कार्डावर. अट एकच, ‘हार्दिक शुभेच्छा’ चालणार नाही. काकांनी आपल्यासाठी केलेली एक गोष्ट, एका वाक्यात. मी टेंडरच्या पाकिटाचं लिहिलं. तेरा जणांनी तेरा पाकिटं काढली म्हणा ना!

सेंड-ऑफला काकांनी कागद सोलला, चष्मा चढवला, नाव वाचलं आणि पुस्तक शालीखाली धरून बसून राहिले. भाषण केलं नाही. मला वाटलं, चुकलंच.

दहा दिवसांनी फोन आला. ‘बाळा, त्या पुस्तकाच्या शेवटी कोरं पान आहे, त्यावर लिहिलं तर चालेल ना? यातल्या माणसांनी त्यांचं त्यांचं सांगितलंय. आमच्या खानावळीतल्या मावशींचं कुणीतरी लिहायला पाहिजे.’

मी म्हटलं, ‘काका, पुस्तक तुमचं आहे.’

आता ते बदलून मिळणार नाही, हे मात्र नक्की!