नव्या बुटांमुळे तळव्याला आलेला फोड : फोडावा की नाही?

पंचेचाळीस वर्षांच्या एक बाई लंगडत दवाखान्यात आल्या. नवे बूट घालून पहिल्याच दिवशी त्या चार किलोमीटर चालल्या होत्या. चवड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा, पाण्याने टचटचीत भरलेला फोड आला होता. "डॉक्टर, फोडू का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

चालताना बुटाचा तळ पायाची त्वचा एका दिशेला ओढतो आणि आतले हाड दुसऱ्या दिशेला सरकते. ही ओढाताण हजारो पावले चालली की त्वचेचे वरचे थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी साचते. घामाने ओले मोजे ही ओढ आणखी वाढवतात.

फोडावरची कातडी म्हणजे तयार मलमपट्टीच असते. तिच्याखाली नवी त्वचा तयार होते आणि जंतू आत शिरत नाहीत. म्हणून लहान, फारसा न दुखणारा फोड फोडू नये. जाड फोमच्या पट्टीला फोडापेक्षा थोडे मोठे भोक पाडून ती भोवती चिकटवावी, म्हणजे वजन फोडावर न पडता कडेच्या त्वचेवर पडते. पाणी सहसा काही दिवसांत आपोआप जिरते.

या बाईंचा फोड मात्र मोठा होता आणि प्रत्येक पावलाला दुखत होता. असा फोड चालताना वेडावाकडा फाटण्याची शक्यता असते, म्हणून त्यातले पाणी काढणे योग्य ठरले. आधी हात आणि पाय साबणाने धुतले. नव्या, निर्जंतुक सुईने फोडाच्या कडेला दोन-तीन छिद्रे पाडली आणि स्वच्छ गॉजने हलकेच दाबून पाणी काढले. वरची कातडी कापली नाही. वर पेट्रोलियम जेली लावून न चिकटणारी पट्टी बांधली. ही पट्टी रोज बदलायची आणि ओली झाली तर लगेच. पाणी पुन्हा भरले तर पुन्हा काढता येते.

काही जण फोडातून सुई-दोरा ओवून दोरा तसाच ठेवतात. तसे करू नये, कारण त्या दोऱ्यावरून जंतू आत जातात.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर फोड घरी अजिबात फोडू नका. अशा पायाला दुखणे जाणवत नाही आणि छोटी जखमही चिघळते. फोड लहान असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त भरलेला फोडही घरी फोडू नये.

पू येणे, भोवतीची लाली पसरणे, पाय गरम लागणे, दुखणे वाढत जाणे किंवा ताप येणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. त्यांपैकी एकही दिसले तर थांबू नका.

त्या बाईंना आम्ही जखम भरेपर्यंत जुनीच सैल चप्पल वापरायला सांगितली. नंतर नवे बूट आधी घरात अर्धा तास घालायचे आणि वेळ हळूहळू वाढवायचा. चालताना तळव्याला एका जागी चटका जाणवला, तर तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. फोड येण्याआधीची ती सूचना असते.