चोराला फोन आपणच लावतो!

परवा तालुक्याच्या महाविद्यालयात वाणिज्य मंडळाच्या मुलांनी बोलावलं होतं. म्हणाले, "मोबाइलवरच्या पैशांच्या फसवणुकीबद्दल दहाच मिनिटं बोला." शेतकरी बंधू-भगिनींनो, तिथे जे बोललो तेच आज तुमच्यापुढे मांडतो. कारण या पोरांचे मोबाइल नवे असले, तरी खात्यातला पैसा तुमच्या घामाचा आहे.

पोरांना मी आधी विचारलं, "चोराला तुमचा नंबर मिळतो कुठून?" बरीच उत्तरं आली. पण एक प्रकार असा आहे, की त्यात चोर आपल्याला शोधत नाही, आपणच चोराला शोधतो.

समजा, तुम्ही खताच्या दुकानात यूपीआयने 4,200 रुपये दिले. खात्यातून पैसे कापले गेले, पण दुकानदार म्हणतो, "मला काही आले नाहीत." जीव वरखाली होतो. तुम्ही मोबाइलवर बँकेचा 'कस्टमर केअर' नंबर शोधता. समोर येतो तो नंबर बँकेचाच असेल असं नाही. बँकेच्या नावाने खोटं पान करून त्यावर स्वतःचा मोबाइल नंबर टाकणारे भामटे टपलेलेच असतात. तुम्ही तोच नंबर लावता.

पलीकडचा माणूस गोड बोलतो. "काळजी करू नका दादा, पाच मिनिटांत रिफंड करतो." मग एक अ‍ॅप घ्यायला लावतो. ते अ‍ॅप सुरू झालं, की तुमच्या मोबाइलचा पडदा त्याला तिकडे बसून दिसतो. आलेला ओटीपीसुद्धा तो वाचतो. पुढे म्हणतो, "आता पेमेंटचं पान उघडा, मी सांगतो तो नंबर घाला. त्याखालच्या चौकटीत रिफंड कोड टाका, 24850. आणि शेवटी पिन टाका."

मंडळी, इथेच घात होतो. तो कोड नव्हेच, ती रक्कम! ज्या चौकटीत तुम्ही 'कोड' लिहिला, ती पैसे पाठवण्याची चौकट. पिन टाकताच 24,850 रुपये त्याच्या खात्यात गेले. चार हजार सोडवायला गेलो आणि पंचवीस हजार घालवून बसलो.

म्हणून एक गोष्ट गाठीला बांधा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी आणि शिल्लक पाहण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. बाजारात कांदा विकून पैसे घेताना तुम्ही पिन टाकता का? मग रिफंड घेताना कशाला टाकायचा? परताव्यासाठी पिन मागितला, अ‍ॅप घ्यायला लावलं किंवा "फोन ठेवू नका" म्हणाला, की समजा समोर भामटा आहे. फोन ठेवून द्या.

मग अडकलेल्या 4,200 रुपयांचं काय? ते परत आणायला कुणाची मनधरणी लागत नाही. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. दुकानदाराला दिलेले पैसे पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत, आणि एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले असतील तर दुसऱ्याच दिवसापर्यंत, ते आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. तेव्हा धीर धरा. नंबर हवाच असेल, तर एटीएम कार्डाच्या मागे छापलेला घ्या, नाहीतर सरळ शाखेत जा.

एका पोराने विचारलं, "सर, पिन टाकून झाला असेल तर?" रास्त प्रश्न आहे. आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा, म्हणजे त्याला पडदा दिसायचा बंद होईल, आणि ते अ‍ॅप काढून टाका. लगेच 1930 या सरकारी क्रमांकावर फोन करा, बँकेलाही कळवा. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक हाताशी ठेवा. cybercrime.gov.in वरही तक्रार करता येते. पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंत तो रोखता येतो. एकदा काढून नेला, की सापडणं कठीण. म्हणून "उद्या सकाळी बघू" म्हणू नका.

खरं सांगायचं तर, पिन आपल्याच हाताने टाकला असेल, तर ते नुकसान भरून देण्याचं बंधन बँकेवर नाही. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम तसाच आहे. मात्र तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल, ते बँकेचं. म्हणजे कळवायला लाजून जितका उशीर, तितका तोटा तुमचाच.

भाषण संपल्यावर पोरांनी दोन ओळी फळ्यावर लिहून ठेवल्या: 'पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलात तर 1930.' ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि सोसायटीच्या सचिवांनी याच दोन ओळी आपापल्या फलकावर लिहाव्यात. खडूचाच काय तो खर्च!