इकडे भात, तिकडे पास्ता

रविवारी रात्री साडेआठला कोथरूडमधली एखादी आजी जेवणाचं ताट घेऊन फोनसमोर बसते, तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सकाळचे अकरा वाजलेले असतात. नातू चार वर्षांचा, बोलतो फक्त इंग्रजी. ‘काय करतोस राजा?’ या प्रश्नावर तो ‘व्हॉट?’ म्हणतो, आई पलीकडून भाषांतर पुरवते आणि दोन मिनिटांत बाळराजे खेळण्यांकडे पळतात. अशा अनेक घरांत बोलणं अडतं तिथे गाणं बरं चालतं. पण कुठलंही गाणं चालत नाही, याची कारणं थोडी तांत्रिक आहेत.

पहिली हौस असते ती दोघांनी मिळून गायची, आणि तीच फसते. पुणे ते न्यू जर्सी हे अंतर सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे आवाज जाऊन परत यायला निदान अष्टमांश सेकंद हवाच. प्रत्यक्षात केबलची वळणं आणि फोनमधली प्रक्रिया धरून हा वेळ पाव सेकंदावर सहज जातो. बालगीताच्या चालीत एक टाळी अर्ध्या सेकंदाची धरली, तर नातवाचा सूर आजीला अर्धी टाळी मागे ऐकू येतो. त्याला सांभाळून घ्यायला आजी थांबते. तिचं थांबणंही उशिरा पोचतं, म्हणून तोही थांबतो. दोनतीन ओळींत गाणं रेंगाळून बंद पडतं आणि दोघांनाही वाटतं, समोरचाच बेताल आहे.

शिवाय दोघं एकदम गायले, की प्रतिध्वनी टाळणारी यंत्रणा बहुतेक वेळा एकाचा आवाज दाबते. ओठ हलताना दिसतात, शब्द मात्र अर्धाच येतो. आजोबांनी उत्साहाने झांज काढली, तर ॲप तिला गोंगाट समजून गिळतं. झूममध्ये संगीतासाठी मूळ आवाज तसाच पाठवायची सोय आहे. साध्या फोनकॉलवर झांज बाजूला ठेवून टाळी कॅमेऱ्यासमोर दिसेल अशी वाजवावी, हे सोपं.

मग उरतं ते आळीपाळीचं गाणं. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी बायका हेच करायच्या: एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रभरातून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. फोनवरच्या आजीला ओवीची लांबी परवडत नाही, तिला सवालजवाब लागतो. उदाहरणार्थ असा:

माझ्या खिडकीत आलंय कोण?
काव काव काव!
तुझ्या खिडकीत आलंय कोण?
स्क्विरल, आजी, स्क्विरल!

माझ्या ताटात वाढलंय काय?
भात भात भात!
तुझ्या ताटात वाढलंय काय?
पास्ता, आजी, पास्ता!

प्रश्नाची ओळ कायम आजीची, त्यानंतर एक टाळी रिकामी सोडायची. उशीर त्या रिकाम्या जागेत जिरतो, आणि जवाबाचं पहिलं अक्षर कापलं जात नाही. ताट कॅमेऱ्यात आलं, की ‘ताट’ समजावून सांगायची गरज उरत नाही. नातवाचा ‘पास्ता’ सुधारायच्या फंदात मात्र पडू नये. गाण्यात त्याच्या शब्दाला हक्काची जागा आहे, म्हणून तर तो पुढची ओळ ऐकायला थांबतो. दर रविवारी एकच नवं कडवं घालावं, जुनी तशीच राहू द्यावीत.

मग नुसतं गाणं रेकॉर्ड करून का पाठवू नये? याचं उत्तर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सापडतं. रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी 24 ते 30 महिन्यांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. समोर बसलेल्या माणसाकडून मुलं शिकली, थेट व्हिडिओ कॉलवरही शिकली. आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून मात्र शिकली नाहीत, कारण त्यातला माणूस मुलाच्या हालचालीला दाद देत नव्हता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2016 च्या सूचनांत दीड वर्षाखालच्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगितलं, पण त्यातून व्हिडिओ कॉल वगळला.

अर्थात नातू यामुळे मराठी बोलू लागेल, असं समजू नये. ‘वाढलंय काय’ला तो बिनचूक जवाब देईल, पण तोच प्रश्न गाण्याबाहेर विचारला तर पुन्हा ‘व्हॉट?’ ऐकू येऊ शकतं. संभाषणासाठी घरातलं रोजचं बोलणं लागतं, किंवा तिकडच्या महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा होतं. तेव्हा पुण्यातले साडेआठ म्हणजे तिकडचे दहा. पास्त्याला अजून वेळ असतो, म्हणून कडव्यात पॅनकेक येतो. आता सवाल नातवाने टाकावा आणि आजीने एका टाळीत जवाब द्यावा. खिडकीतला रकून हा काय प्राणी आहे, हे मात्र तिला सुनेकडून आधी समजून घ्यावं लागेल.