चौघांचा प्रोजेक्ट आणि परीक्षकाचे प्रश्न

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा. टेबलावर कुंडी, मातीत खोचलेला ओलाव्याचा सेन्सर, आर्डुइनो बोर्ड, रिले आणि छोटा पंप. माती सुकली की पाणी आपोआप सुरू व्हावं, असा हा प्रोजेक्ट. भोवती चौघं उभी. परीक्षक विचारतात, "कोणी काय केलं?"

हा प्रश्न विचारूच नये, असं माझं मत आहे. त्याचं उत्तर आदल्या रात्रीच वाटून पाठ झालेलं असतं. ज्याचं काम कमी पडलं, त्याच्यापुढे मित्रांदेखत खोटं बोलणं किंवा मान खाली घालणं एवढंच उरतं.

त्यापेक्षा चौघांनाही विचारावं, "तुझ्या भागात आधी केलेलं काय बदलावं लागलं, आणि का?" सेन्सरचं काम केलेली मुलगी सांगेल की पहिल्या सेन्सरच्या दांड्या मातीत गंजल्या, ओलावा तेवढाच असून आकडे भलतेच येऊ लागले, म्हणून कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला. प्रोग्रॅम लिहिणारा सांगेल की मर्यादेचा आकडा एकच होता तेव्हा पंप सारखा चालू-बंद व्हायचा. मग सुरू करायला एक आणि थांबवायला दुसरा, असे दोन आकडे ठेवले. काम न केलेला बहुधा म्हणतो, "सगळं नीट झालं." पण लाजरा मुलगाही हेच म्हणतो, म्हणून लगेच गुण कापू नयेत. "तो आकडा बदलून पंप लवकर सुरू करून दाखव," असं सांगावं. बोलण्यात अडखळणारा हाताने सहज दाखवतो, आणि नुसत्या पाठांतरावर आलेल्याला त्या प्रोग्रॅममध्ये आकडा कुठे आहे तेही सापडत नाही.

रिपोर्ट लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा हिणवलं जातं. त्याला विचारावं, "तक्त्यातली कोणती नोंद खटकली?" पंप सुरू होताच ओलाव्याचा आकडा उडतो, हे कदाचित त्यानेच पहिल्यांदा टिपलेलं असतं, आणि त्यावरूनच पंपाला वेगळा वीजपुरवठा दिलेला असतो.

शेवटी प्रत्येकाला विचारावं, "तुझं काम कोणामुळे सोपं झालं?" मागे उभ्या असलेल्या अबोल मुलीचं नाव दोघांच्या तोंडून आलं, तर तिला स्वतःची बाजू मांडत बसावं लागत नाही. मात्र नाव आलं नाही म्हणजे काम केलं नाही, असं धरू नये, कारण दोस्त एकमेकांचीच नावं घेतात. अशा वेळी प्रोजेक्ट डायरीतल्या तारखा पाहाव्यात आणि गाईडला बाजूला घेऊन विचारावं. आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे कोणी मागे पडलं असेल, तर तेही तिथेच कळतं. "काम कोणी टाळलं?" हा प्रश्न चौघांसमोर कधीच येऊ नये.

प्रश्नांचं स्वरूप आठवडाभर आधी सांगावं. उत्तराआधी अर्धा मिनिट विचार करू द्यावा, आणि मराठीत सांगितलेल्या उत्तराचे गुण कापू नयेत.