काळ्या केसांतला नारिंगी रंग आणि त्यावरचा निळा उतारा

काळे केस ब्लीच केले की आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळे होतात आणि अगदी शेवटी फिकट पिवळे. हा क्रम कोणत्याही कंपनीचे ब्लीच वापरले तरी बदलत नाही. केसाच्या आत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य दोन प्रकारचे असते. एक काळे-तपकिरी, दुसरे लालसर-पिवळे. ब्लीच पावडरमधील परसल्फेट आणि डेव्हलपरमधील हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून ही द्रव्ये मोडतात. त्यात काळे-तपकिरी द्रव्य लवकर हटते, लालसर-पिवळे चिवटपणे टिकून राहते. भारतीय केसांत काळे द्रव्य भरपूर असल्यामुळे ते काढण्यातच ब्लीचची बहुतेक ताकद खर्च होते आणि काम अनेकदा नारिंगी टप्प्यावर थांबते. आरशात दिसणारा पितळी रंग म्हणजे अर्ध्यावर थांबलेला हाच प्रवास. त्यात केस बिघडले असे काही नाही.

पार्लरच्या भाषेत केसांची गडदता १ ते १० अशा लेव्हलमध्ये मोजतात. १ म्हणजे निळसर काळा, १० म्हणजे अतिशय फिकट सोनेरी. आपल्याकडचे नैसर्गिक काळे केस साधारण २ किंवा ३ लेव्हलचे असतात. ब्लीचने ते ४ पर्यंत आले तर खालचा रंग लाल दिसतो, ५ वर लालसर नारिंगी, ६ वर स्पष्ट नारिंगी, ७ वर पिवळसर नारिंगी, ८ वर पिवळा आणि ९-१० वर केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा. पुढचे सगळे निर्णय या एका निरीक्षणावर ठरतात. ते कोरड्या केसांवर, दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ करावे. ओले केस अर्धी-एक लेव्हल गडद दिसतात आणि बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात तर बरे झालेले केसही नारिंगी भासतात.

नारिंगी झाक मारण्याचे तत्त्व चित्रकलेच्या वर्गात शिकवतात तेच आहे. रंगचक्रात समोरासमोर असलेले रंग एकमेकांना निस्तेज करतात. नारिंगीच्या समोर निळा येतो, पिवळ्यासमोर जांभळा आणि लालसमोर हिरवा. त्यामुळे ६ लेव्हलच्या नारिंगी केसांना निळा लागतो, ७ च्या पिवळसर नारिंगीला निळा आणि थोडा जांभळा, तर ९ च्या पिवळ्याला जांभळा. बहुतेक घरगुती प्रयत्न इथेच चुकतात. पितळी रंगावरचा उपाय म्हणून जांभळा शाम्पू सगळीकडे सांगितला जातो. पण तो सोनेरी केसांसाठी बनवलेला आहे. नारिंगी केसांवर तो दोन तास ठेवला तरी पालथ्या घड्यावर पाणी.

टोनर म्हणजे फिकट झालेल्या केसांवर हलका रंग चढवणारे उत्पादन. बहुतेक टोनर डेमी-पर्मनंट प्रकारचे असतात आणि कमी ताकदीच्या, साधारण ५ ते १० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये मिसळले जातात. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६ टक्के. टोनर केस उजळ करत नाही, ही गोष्ट गिऱ्हाइकाला पटवणे पार्लरवाल्यांना सगळ्यात जड जाते. नारिंगीत निळा मिसळला की तपकिरी तयार होतो, सोनेरी नाही. म्हणजे नारिंगी मारताना केस थोडे गडद दिसणारच. ज्याला राखाडी छटेचा तपकिरी रंग हवा आहे, त्याचे काम ६ लेव्हलवर टोनरने भागते. ज्याला थंड, फिकट सोनेरी रंग हवा आहे, त्याला आधी पुन्हा ब्लीच करून केस ९ पर्यंत न्यावे लागतात. टोनरच्या दहा ट्यूब त्याची जागा घेऊ शकत नाहीत. काळ्या केसांसाठी पहिला मार्ग बहुतेक वेळा शहाणपणाचा ठरतो, कारण दुसऱ्या ब्लीचची किंमत केसांच्या मजबुतीतून मोजावी लागते.

टोनरच्या नळीवरचा आकडा वाचता आला की निवड सोपी होते. ६.१ मध्ये टिंबाआधीचा ६ लेव्हल सांगतो आणि नंतरचा १ छटा. बहुतेक कंपन्यांच्या पद्धतीत १ म्हणजे अ‍ॅश. मात्र या अ‍ॅशच्या मुळाशी कुठे निळा असतो, कुठे हिरवा, तर कुठे दोन्ही. म्हणून शेड चार्टवर ‘ब्लू बेस’ असे लिहिले आहे का ते पाहावे. टिंबानंतर ० असेल किंवा काहीच नसेल, तर ती नैसर्गिक, समतोल छटा. लेव्हल केसांच्या सध्याच्या लेव्हलइतकी किंवा तिच्यापेक्षा एकाने गडद घ्यावी. ६ लेव्हलच्या नारिंगी केसांवर ९.१ लावला तर त्यातला निळा इतका पातळ असतो की फरकच जाणवत नाही, आणि दोष मात्र टोनरला दिला जातो.

एक उदाहरण तपशिलात पाहू. खांद्याखाली येणारे, पूर्वी कधीही न रंगवलेले काळे केस. त्यात २० व्हॉल्यूम डेव्हलपर आणि ब्लीच पावडरने हायलाइट्स काढलेले. धुवून वाळवल्यावर लांबीभर ६ लेव्हलचा नारिंगी दिसतो, पण टाळूजवळच्या दोन सेंटिमीटर भागात ७ च्या पुढचा पिवळसर रंग. टाळूच्या उष्णतेने ब्लीच मुळांशी जलद काम करते, त्यामुळे असा दुरंगी परिणाम नेहमीचा आहे. हवा आहे हलका, थंड तपकिरी रंग.

इथे नुसता ६.१ न घेता ४० ग्रॅम ६.१ आणि २० ग्रॅम ६.० एकत्र घेतले. नुसत्या अ‍ॅशने रंग मातकट, निर्जीव दिसण्याचा धोका असतो. शिवाय मुळांजवळच्या पिवळ्यावर निळा पडला की हिरवी झाक येते, आणि नैसर्गिक छटेतील उबदार अंश ती आवरतो. डेव्हलपर १० व्हॉल्यूमचा, नळीवर दिलेल्या प्रमाणात. या टोनरसाठी ते एकास दीड होते, म्हणून ९० मिलिलिटर. केस ब्लीच धुऊन स्वच्छ केलेले, टॉवेलने टिपलेले, ओलसर. हातमोजे घालून मिश्रण आधी नारिंगी लांबीवर भरपूर लावले आणि मुळांजवळचा पिवळसर भाग मुद्दाम शेवटच्या पाच-सात मिनिटांसाठी ठेवला.

लावल्यावर क्रीम निळे-जांभळे, काही वेळाने जवळजवळ काळे दिसू लागते. त्या रंगाला घाबरून लगेच धुऊन टाकणे चूक, तसेच भरवशावर विसरून जाणेही चूक. दर पाच मिनिटांनी एक बट ओल्या टिश्यूने पुसून खालचा केस पाहायचा. नारिंगी चमक गेली आणि केस तपकिरी दिसला की थांबायचे. इथे वीस मिनिटे लागली. नंतर कोमट पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन कंडिशनर लावला. वाळल्यावर रंग ठरवल्यापेक्षा जरा गडद वाटला. थंड छटांचे हे नेहमीचेच. पहिल्या दोन-तीन धुण्यांत तो खुलतो.

चूक झाली तर तिचे रूप बघून कारण ओळखता येते. नारिंगी तसाच राहिला असेल तर टोनर फार फिकट लेव्हलचा होता, कमी लावला गेला किंवा लवकर धुतला गेला. केस हिरवट दिसत असतील तर नारिंगीऐवजी पिवळ्या भागावर निळा पडला आहे. तांबूस छटेचा हलका, अमोनियाविरहित रंग थोड्या वेळासाठी लावला की हिरवा मावळतो. टोके राखाडी-काळपट झाली असतील तर ती अति सच्छिद्र होती आणि त्यांनी रंग अधाशासारखा शोषला. क्लॅरिफायिंग शाम्पूने दोन-तीनदा धुतल्यावर हे बरेच निवळते. पण ओला केस ओढल्यावर रबरासारखा ताणला जाऊन परत येत नसेल किंवा तुटत असेल, तर रंगाचा विचार सोडावा. त्या केसांवर पुन्हा ब्लीच चालणार नाही.

निळा शाम्पू या सगळ्यात नंतर येतो. त्यातील रंग डेव्हलपरशिवाय केसाच्या बाहेरच्या थरावर बसतो आणि काही धुण्यांत निघून जातो. ५ लेव्हलचा भडक लालसर नारिंगी त्याला आवरत नाही. टोनरने एकदा ताळ्यावर आणलेला रंग तो जपतो, एवढेच त्याचे काम. आठवड्यातून एकदा, दोन ते पाच मिनिटे पुरते. रोज वापरल्यास केस कोरडे आणि निळसर होतात, आणि नखे, टॉवेल, बाथरूमच्या टाइल्सही.

मेहंदी लावलेल्या केसांना हे गणित तसेच्या तसे लागू होत नाही. मेहंदीतील लॉसोन हे नारिंगी द्रव्य केसातील केराटिनला घट्ट चिकटते. ब्लीचने मेलॅनिन गेले तरी ते उरते आणि टोनरला कायमचे झगडायला लावते. ‘काळी मेहंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत मेहंदीपेक्षा रासायनिक रंगच अधिक असतो, काहींत धातूंचे क्षारही असतात, आणि त्यांच्याशी पेरॉक्साइडची गाठ पडली की केस गरम होऊन जळू शकतात. अशा केसांची एक बट कापून आधी मिश्रणात बुडवून पाहावी. ती तापली, फेसाळली किंवा लिबलिबीत झाली तर काम तिथेच थांबवावे. अ‍ॅलर्जीची चाचणी वेगळी आणि प्रत्येकासाठी: थोडे मिश्रण कानामागे किंवा कोपराच्या आत लावून ४८ तास थांबायचे.

टोनर चार ते सहा आठवडे टिकतो. तो उतरताना खालचा नारिंगी पुन्हा वर येतो, कारण तो केसातून गेलेला नसतोच, फक्त झाकलेला असतो. गरम पाणी, कडक शाम्पू, ऊन आणि पोहण्याच्या तलावातले क्लोरिन ही उतरण घाईने घडवून आणतात. बोअरवेलच्या जड पाण्यात लोह असेल तर ते केसांवर बसून पिवळट-तांबूस झाक वाढवते. तिथे निळ्या शाम्पूऐवजी आधी ईडीटीए असलेला, खनिजे काढणारा शाम्पू महिन्यातून एक-दोनदा वापरावा. पुन्हा टोनर लावताना डेव्हलपरची ताकद वाढवायची गरज नसते. मुळे वाढल्यावर नवे ब्लीच फक्त वाढलेल्या काळ्या भागावर लावायचे, जुन्या उजळ केसांवर चढू द्यायचे नाही. टोनर मात्र आधी या नव्या भागावर लावून शेवटच्या काही मिनिटांत लांबीवर ओढायचा, म्हणजे दोन्हींची छटा एकसारखी येते.